सुट्टीतले आठ सिनेमे

उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची असते. या काळात एखादं मूल रोज दोन तास पडद्यासमोर बसलं, तर शाळा उघडेपर्यंत ८४ तासांची बेरीज होते. त्याच सुट्टीत नीट निवडलेले आठ सिनेमे पाहिले तर अकरा तासांच्या आसपास जातात. दिवसाला वाटून पाहिलं तर ही सरासरी सोळा मिनिटं होतात. म्हणून ज्या घरात ‘पडदा कमी करायचा आहे’ असं ठरलं आहे, त्या घरात सिनेमावर बंदी घालणं हा उलटा उपाय ठरतो. सिनेमाला शेवट असतो. रील्सना आणि एकापाठोपाठ आपोआप सुरू होणाऱ्या कार्टूनच्या भागांना तो नसतो, आणि मुलांचे तास जातात ते तिथेच.

पण हा हिशेब जमायचा असेल तर यादी सुट्टी लागण्याआधी कागदावर लिहिलेली हवी. ‘आज काय बघायचं?’ हा प्रश्न टीव्ही सुरू केल्यावर पडला की अर्धा तास शोधण्यात जातो, भावंडांची भांडणं होतात आणि शेवटी सगळ्यांनी आधी दहा वेळा पाहिलेलंच काहीतरी लागतं. यादी कशी करायची हे पाहण्यासाठी आपण एक घर डोळ्यांसमोर ठेवू. तिसरीतली आठ वर्षांची मुलगी, सातवीतला बारा वर्षांचा मुलगा, आई-बाबा नोकरी करणारे आणि आजी घरात.

किती आणि कधी

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी, असं त्यांचं साधारण सांगणं आहे. म्हणजे आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी शंभर मिनिटांचा सिनेमा हा जवळजवळ अख्ख्या दिवसाचा वाटा झाला. म्हणून पहिला नियम असा की सिनेमाच्या दिवशी दुसरं काही लावायचं नाही. हे मुलांना आधी सांगितलं तर त्यांना पटतं. सिनेमा संपल्यावर सांगितलं तर रडारड होते.

वेळ दुपारची घ्यावी. आपल्याकडे बहुतेक घरांत सिनेमा रात्री जेवणानंतर लागतो आणि सुट्टीचं सगळं गणित तिथेच फिसकटतं. रात्री उशिरा संपलेला सिनेमा झोप पुढे ढकलतो, मूल सकाळी नऊला उठतं आणि ऊन उतरण्याआधीची सकाळची खेळायची वेळ हातची जाते. मे महिन्यात विदर्भ, मराठवाड्यात आणि आता पुण्यातही दुपारी एक ते चार बाहेर पडता येत नाही. ही वेळ एरवीही घरातच जाणार असते. दोनला सुरू झालेला सिनेमा चारच्या आत संपतो, मग दूध-खाणं होतं आणि पाचला मुलं खाली खेळायला जातात. संध्याकाळ शाबूत राहते. याचा डोळ्यांनाही फायदा आहे, कारण रोज दीड-दोन तास उघड्यावर घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा दोष कमी आढळतो. याच कारणासाठी सिनेमा टीव्हीवर, आठ-दहा फुटांवरून पाहावा, हातातल्या फोनवर नको.

दर आठवड्याला एक सिनेमा, आणि सुरुवातीच्या आठवड्यात छोटे दोन, असं वेळापत्रक धरलं तर सहा आठवड्यांत सात सिनेमे होतात. आठवी जागा मुलांसाठी रिकामी ठेवावी. ती का, हे पुढे येईल.

‘यू’ म्हणजे मुलांचा नव्हे

यादी करताना पालक सगळ्यात आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहतात. ते पाहावंच, पण त्याचा अर्थ समजून घ्यावा. ‘यू’ म्हणजे कुणालाही पाहायला मनाई नाही, एवढंच. सिनेमा मुलांसाठी केला आहे, त्यांना तो कळेल किंवा आवडेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. ‘यूए’ म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा. पूर्वी हा एकच मोठा गट होता. कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले. ओटीटीवर असे वयोगट २०२१ च्या नियमांपासूनच लिहिलेले असतात. जुन्या सिनेमांवर मात्र अजून नुसतंच ‘यूए’ दिसतं.

हे प्रमाणपत्र कधी जास्त कडक वाटतं, कधी जास्त सैल. जॉन फॅवरोच्या २०१६ च्या ‘द जंगल बुक’ला आपल्याकडे ‘यूए’ मिळालं, तेव्हा लहान मुलांच्या गोष्टीला हे कशाला, म्हणून बरीच चर्चा झाली होती. पण ज्यांनी तो अंधाऱ्या थिएटरमध्ये पाच वर्षांच्या मुलासोबत पाहिला, त्यांना शेरखान पडद्यातून अंगावर येतो तेव्हा मांडीवरच्या मुलाचं काय होतं ते आठवत असेल. आठ वर्षांच्या मुलीला हाच सिनेमा दिवसाउजेडी, घरी, आवाज थोडा कमी ठेवून आनंदाने पाहता येतो. तेव्हा प्रमाणपत्र बघा, पण मोठ्यांपैकी एकाने सिनेमा आधी पाहून ठेवा. संपूर्ण पाहायला वेळ नसेल तर शेवटचा अर्धा तास तरी पाहा. मुलांना न झेपणारी गोष्ट बहुधा तिथेच असते.

यादी आणि तिचा क्रम

पहिल्या आठवड्यात दोन छोटे सिनेमे. कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ फक्त ४१ मिनिटांचा आहे. तामिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईच्या जंगलात थेप्पाकाडू नावाचा हत्तींचा कॅम्प आहे. तिथे बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या पिल्लाला वाढवतं, त्याची ही खरी गोष्ट. या लघुपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तो नेटफ्लिक्सवर आहे. त्यातली माणसं तामिळ बोलतात, पण हत्तीच्या पिल्लाला अंघोळ घालणं आणि खाण्यासाठी त्याच्या मागे लागणं समजायला भाषा लागत नाही. बेल्लीच्या आयुष्यातल्या मृत्यूंचा उल्लेख येतो आणि रघूला दुसरीकडे नेतात तेव्हा मुलांचे डोळे भरतात, हे आधी माहीत असू द्यावं.

दुसरा ‘द रेड बलून’, १९५६ चा, अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा. पॅरिसमधला एक शाळकरी मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा, एवढीच गोष्ट. ३४ मिनिटं आणि संवाद जवळजवळ नाहीतच. हा सुरुवातीला ठेवण्याचं कारण असं की आजच्या मुलांचे डोळे दोन-तीन सेकंदांना बदलणाऱ्या चित्रांना सरावलेले असतात. त्यांना एकदम संथ, दोन तासांचा सिनेमा दाखवला तर दहाव्या मिनिटाला ‘बोअर आहे’ ऐकू येतं. अर्ध्या तासाचा संथ सिनेमा मात्र ती पाहतात, आणि मग त्यांना त्या गतीची सवय होते.

त्यानंतर ‘द जंगल बुक’, १०६ मिनिटांचा. मग परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४). पंढरपुरातली दोन भावंडं आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून कार्तिकीच्या यात्रेत दुकान मांडतात. साहसाला जंगल किंवा समुद्र लागत नाही, गर्दीतल्या दुकानातही ते असतं, हे मुलांना इथे दिसतं. पाचवा ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ (२००५). सहावा मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). सातवा ‘द ब्लॅक स्टॅलियन’ (१९७९), म्हणजे बुडालेल्या जहाजातून वाचलेला मुलगा आणि एक रानटी अरबी घोडा यांची गोष्ट. त्यात निर्जन बेटावरचा मोठा भाग जवळपास बिनसंवादाचा आहे. पहिल्या आठवड्यात ‘रेड बलून’ पाहिलेली मुलं तो भाग डोळे न हलवता पाहतात. या सिनेमात सुरुवातीलाच मुलाचे वडील जहाजासोबत बुडतात, हे मात्र आधी सांगून ठेवावं.

जंगल, गाव, बर्फ, स्टुडिओ, बेट असा हा क्रम आहे. एकापाठोपाठ दोन प्राण्यांचे किंवा दोन रडवणारे सिनेमे येऊ नयेत, एवढंच त्यात पाहिलं आहे. एक मराठी सिनेमा दुसऱ्यापासून लांब ठेवला आहे, म्हणजे परक्या भाषेचा ताण आल्यावर मधे मधे सुटका होते.

भाषेचा मुद्दा लहान मुलांच्या बाबतीत मोठा आहे. तिसरीतलं मूल इंग्रजी सबटायटल चित्र बदलायच्या आत वाचू शकत नाही. ते वाचत राहिलं तर चित्र सुटतं, चित्र पाहिलं तर वाक्य. अशा वेळी बिनसंवादाचा सिनेमा किंवा डब केलेली प्रत बरी. ‘जंगल बुक’ची हिंदी प्रत तर मुद्दाम निवडावी. तिच्यात शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा आहे आणि १९९० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या मालिकेतही तो त्यांचाच होता, म्हणजे आई-बाबांनाही ती ओळखीची निघते. पेंग्विनच्या सिनेमात निवेदन कमी असतं. तिथे आजी किंवा दादा मधे मधे मराठीत सांगत गेला तरी पुरतं.

एक सिनेमा, तीन दिवस

सिनेमातून शिकायचं म्हणजे नंतर प्रश्नपत्रिका द्यायची, असं झालं की मुलं पुढच्या सिनेमाला येत नाहीत. त्यापेक्षा एक साधी पद्धत आहे. आदल्या दिवशी दहा मिनिटं, सिनेमाच्या दिवशी सिनेमा, आणि दुसऱ्या दिवशी एक काम. ‘जंगल बुक’वर ती कशी चालते ते पाहू.

आदल्या दिवशी नकाशा काढायचा. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला, ही पुस्तकं त्याने लिहिली अमेरिकेत, आणि मोगलीचं जंगल त्याने ठेवलं मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की सिवनी लागतं, आणि त्याच भागातलं पेंचचं जंगल महाराष्ट्रातही पसरलेलं आहे. म्हणजे मोगली आपला शेजारी निघतो. मग मुलांना सांगायचं की सिनेमातलं हे जंगल मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बनलं. नील सेठी नावाचा मुलगा खरा आणि त्याच्याभोवतीचे प्राणी संगणकावर बनवलेले. मुलं लगेच विचारतात, ‘मग तो कुणाशी बोलत होता?’ त्या प्रश्नावर थांबायचं. उत्तर सिनेमा पाहताना शोधू दे.

सिनेमाच्या दिवशी ५० मिनिटांनी मध्यंतर. पाणी, बाथरूम, थोडे पाय मोकळे करायचे. ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर चूक की बरोबर ते सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत तीन रकाने आखायचे : खरं, सिनेमातलं, शोधायला हवं. मग एकेक प्राणी घ्यायचा. बालू अस्वल घ्या. आपल्या जंगलातलं अस्वल काळं, लांब केसांचं, लांब नखांचं असतं. ते वाळवी आणि मोहाची फुलं खातं, मधही खातं. सिनेमातला बालू दिसायला परदेशातल्या तपकिरी अस्वलासारखा आहे. मध खरा, अस्वल वेगळं. बघीरा काळा असला तरी तो बिबट्याच, काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. का अजगराला विष नसतं आणि तो नजरेने कुणाला भारूनही टाकत नाही. किंग लुई तर किपलिंगच्या पुस्तकात नाहीच. डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमात तो ओरांगउटान होता, पण ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रात राहतात. म्हणून नव्या सिनेमात त्याला लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला एक अवाढव्य वानर केलं.

लांडग्यांपाशी तर आपल्या मुलांना अमेरिकन मुलांपेक्षा जास्त माहिती मिळू शकते. आपल्याकडचा लांडगा घनदाट जंगलापेक्षा माळरानावर जास्त राहतो. सासवडच्या आणि सोलापूरच्या माळांवर तो आजही आहे. मोगलीला वाढवणारा कळप खरा असता तर बहुधा गवताळ माळावर राहिला असता, हे कळल्यावर सातवीतला मुलगा उत्साहाने आणखी शोधायला बसतो.

सिनेमात दुष्काळ पडतो, पाणवठा आटतो आणि पाण्यातला एक खडक उघडा पडला की सगळ्या प्राण्यांमध्ये तह होतो. हा तह किपलिंगच्या कल्पनेतला, पण उन्हाळ्यात प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर जमतात हे शंभर टक्के खरं. म्हणूनच महाराष्ट्राचा वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणांवर माणसं बसवून प्राण्यांच्या नोंदी घेतो. ती रात्र बहुधा मे महिन्यातच येते. आपल्या मुलांनी गच्चीवर किंवा खिडकीत पाण्याचं उथळ भांडं ठेवून, सकाळी अर्धा तास कोण पाणी प्यायला येतं ते वहीत लिहिलं, तर त्याच पद्धतीची छोटी गणना घरी होते. त्या आठवड्याचं शिकणं एवढंच.

प्राण्यांचे सिनेमे नेहमी सोपे नसतात

प्राणी दिसला की सिनेमा लहानांचा, हा समज सुट्टीतल्या यादीत सगळ्यात जास्त घोटाळा करतो. प्राण्यांच्या गोष्टीत मृत्यू हमखास येतो आणि तो कधी कधी फार उघडा असतो. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) हा मराठीतला फार चांगला सिनेमा आहे. जखमी झालेला बैल खाटकाला विकू नये म्हणून एक लहान मुलगा धडपडतो. यादीत तो घ्यावासा वाटतो, पण आठ वर्षांच्या मुलीसाठी तो फार जड आहे. बारा वर्षांच्या मुलासाठी योग्य आहे, पण धाकटी झोपलेली असताना, आणि सोबत मोठं माणूस असेल तरच.

‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’मध्येही काही पिल्लं थंडीने मरतात. तरी तो यादीत आहे, कारण तो मे महिन्यातच पाहायचा सिनेमा आहे. आपण पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेले असतो, त्याच दिवसांत अंटार्क्टिकावर हिवाळा सुरू होत असतो आणि एम्परर पेंग्विनच्या माद्या अंडी घालत असतात. अंडं नराच्या पायांवर सोपवून मादी खाण्यासाठी समुद्राकडे निघून जाते. पुढचे दोन महिने नर उपाशीपोटी, ते पायांवर सावरत उभा राहतो. सिनेमात जे चाललं आहे ते तिकडे या घडीला खरोखर चाललं आहे, हे समजलं की मुलं वेगळ्या नजरेने पाहतात. नकाशावर दक्षिण गोलार्ध आणि ऋतू उलटे असण्याचं कारण याच वेळी सांगावं, भूगोलाच्या तासापेक्षा लवकर कळतं.

या सिनेमाने पेंग्विनची गोष्ट प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली आहे. प्रत्यक्षात एम्परर पेंग्विनच्या बहुतेक जोड्या पुढच्या वर्षी बदलतात. इथे थोरल्या मुलाला एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिस्नेचा ‘व्हाइट विल्डरनेस’ (१९५८) हा माहितीपट ऑस्कर जिंकून गेला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कळपाने कड्यावरून उड्या घेऊन मरतात, असं दाखवलं होतं. लेमिंग असं काही करत नाहीत. ते प्राणी जिथे मुळात आढळतच नाहीत अशा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात आणून ते दृश्य रचलेलं होतं. पण लेमिंग आत्महत्या करतात हा समज त्या सिनेमामुळे जगभर पक्का झाला. खऱ्या प्राण्यांचं चित्रण असलं म्हणजे सांगितलेलं सगळं खरं, असं नसतं. बाराव्या वर्षी हे कळलं तर पुढे बातम्या पाहतानाही उपयोगी पडतं.

फाळक्यांचा वाटाणा

शिकण्यासाठी म्हणून यादीत एकच सिनेमा ठेवायचा असेल तर तो ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला याची ही हसत-खेळत सांगितलेली गोष्ट आहे. तो सिनेमा मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला, म्हणजे सुट्टीच्या दिवसांतच. मुलांना यात सगळ्यात आवडतं ते हे की अख्खं घर सिनेमात गुंतलेलं आहे. सरस्वतीबाई युनिटसाठी स्वयंपाक करतात आणि फिल्मला भोकंही पाडतात, आणि रोहिताश्वाचं काम फाळक्यांचाच मुलगा करतो. स्त्रिया सिनेमात काम करायला तयार नव्हत्या म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, जे एका खानावळीत आचारी होते.

पैसे उभे करण्यासाठी फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा हलू दिला नाही आणि दिवसांमागून दिवस त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. ती सलग चालवल्यावर वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसला.

हा प्रयोग मुलांना घरी करता येतो. मातीच्या कुंडीत किंवा कापलेल्या बाटलीत मूग पेरावेत, ते लवकर उगवतात. मागे पांढरा पुठ्ठा ठेवावा. कुंडी जिथे आहे तिथे आणि फोन जिथे टेकवायचा तिथे खडूने खुणा करून घ्याव्यात. रोज सकाळी एकाच वेळी, एकच फोटो. बारा-पंधरा दिवसांनी सगळे फोटो एकामागोमाग भरभर सरकवले की रोप वर येताना दिसतं. यात दोनदा बिघडतं. एकदा कुणीतरी कुंडी साफसफाईत हलवतं आणि चित्र उड्या मारू लागतं, म्हणून खुणा हव्यातच. दुसरं म्हणजे रोप उजेडाकडे वाकतं आणि चौकटीबाहेर जातं. हे बिघडलेलंही वाया जात नाही, कारण झाडं उजेडाकडे का वळतात हा पुढचा प्रश्न तिथेच मिळतो. फोन द्यायचा नसेल तर जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर प्रत्येक पानाला थोडं थोडं वाढलेलं रोप काढून पानं भरभर सोडावीत, तेच तत्त्व दिसतं. सिनेमा म्हणजे भरभर दाखवलेली थांबलेली चित्रं, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने केलं, त्याला ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

कुठे अडतं

लहान मूल घाबरलं तर ‘मला भीती वाटते’ असं क्वचितच म्हणतं. ते कान झाकतं, कारण चित्रापेक्षा आवाजाची भीती जास्त असते. ते पुन्हा पुन्हा ‘पुढे काय होतं?’ विचारतं, एकाएकी बाथरूमला जातं, हातातलं खाणं तसंच धरून बसतं. अशा वेळी ‘घाबरतेस काय, खोटं असतं’ म्हणू नये. आवाज कमी करावा, दिवा लावावा आणि शेवट सांगून टाकावा. सात-आठ वर्षांच्या मुलांची मजा शेवट कळल्याने जात नाही. उलट शेवट चांगला आहे हे माहीत असलं की ती मधली भीती निभावून नेतात. तरीही नको म्हणाली तर बंद करावा. तो सिनेमा दोन वर्षांनी पाहता येतो.

दुसरी अडचण वयातल्या अंतराची. बारा वर्षांचा मुलगा धाकटीच्या सिनेमाला ‘बाळबोध’ म्हणतो आणि त्याच्या आवडीचं तिला झेपत नाही. यावर उपाय म्हणजे थोरल्याला काम देणं. सबटायटल वाचून दाखवणं, तीन रकान्यांची वही सांभाळणं, मध्यंतराची वेळ पाहणं. ‘टिंग्या’सारखा एक सिनेमा फक्त त्याचा, हेही ठरवून टाकावं. आठांच्या बाहेरची ही एक भर अकरा तासांच्या हिशेबाला फारशी जड नाही.

तिसरी अडचण त्या रिकाम्या आठव्या जागेची. ती मुलांनी भरायची आणि बहुतेक वेळा ती आधी पाहिलेलाच एखादा सिनेमा मागतात. पालकांना वाटतं संधी वाया गेली. तसं नसतं. लहान मुलं पहिल्या वेळी गोष्ट कुठे चालली आहे ते पाहतात, दुसऱ्या वेळी त्यांना कारणं दिसू लागतात. पुन्हा पाहिलेला सिनेमा यादीत धरावा, आणि त्या दिवशी नवा लावू नये.

आणि एक तांत्रिक गोष्ट पहिल्याच दिवशी करून टाकावी. ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करावं आणि ऑटोप्ले बंद करावं. नाहीतर सिनेमाची श्रेयनामावली सुरू होताच पुढचं काहीतरी आपोआप लागतं आणि मनातला सिनेमा पुसून जातो. सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून यादी करताना आणि आठवडाभर आधी असं दोनदा पाहावं. मिळाला नाही तर बदली सिनेमा त्याच प्रकारचा घ्यावा. प्राण्यांच्या जागी प्राण्यांचा, संथाच्या जागी संथ.

आई-बाबा दोघंही नोकरीला असतील तर दुपारी दोनची वेळ शनिवार-रविवारीच जमेल. जमत नसेल तर आजीला आधी सांगून ठेवा की आज काय आहे आणि कुठे थांबायचं. मात्र सिनेमा लावून मोठ्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं, असं करू नका. तसं करायचं असेल तर यादीचा काही उपयोग नाही, मग कार्टूनही तेच काम करतं. आठ वेळा बसायला वेळ नसेल तर यादी चार सिनेमांची करा, पण ते चारही मुलांबरोबर बसून पाहा.